शब्दचर्चा: ‘विद्राव्य’ चोथा म्हणजे नेमका कोणता?

देवगडकर: आहारतज्ज्ञांनी बाबांना दिलेल्या कागदावर ‘विद्राव्य तंतुमय पदार्थ वाढवा’ असं लिहिलंय. आमच्याकडे चोथा म्हणजे नारळाचं दूध पिळून उरतो तो. विरघळला तर तो चोथा कसला? बाबा पावसाळाभर नाचणीची भाकरी आणि तांबडा माठ खाताहेत, वर गव्हाचा कोंडा. पोट छान साफ होतं, पण एलडीएल 160 च्या आसपासच घुटमळतंय.

वेंगुर्ल्याची काकू: नारळाचा चोथा अजिबात टाकू नकोस हो. जरासा भाजून, लसूण नि सुकी मिरची घालून चटणी कर. सोलकढी केली की आमच्याकडे ही चटणी ठरलेली.

खाडीकाठचा: सोपं आहे. विद्राव्य म्हणजे पाण्यात मिसळणारा, अविद्राव्य म्हणजे न मिसळणारा. दोन्ही आतडं घासून काढतात, त्यातच कोलेस्टेरॉलही निघून जातं. बाबांना कोंडा दुप्पट करायला सांगा.

चिपळूणकर: पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. कोंडा दुप्पट करून एलडीएल हलणार नाही.

देवगडकर, घरीच बघा. एका पेल्यात चमचाभर इसबगोल टाका, दुसऱ्यात गव्हाचा कोंडा. थोड्या वेळाने पहिल्या पेल्यात बुळबुळीत गोळा झालेला असेल. दुसऱ्यात कोंडा भिजून तळाशी बसेल, वर पाणी मोकळंच. ‘विद्राव्य’ वाचून आपल्याला साखर आठवते, पण इथे पाणी धरून फुगणं अभिप्रेत आहे. तोच बुळबुळीतपणा कामाचा.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात आणि स्निग्ध पदार्थ पचवून झाले की बहुतेक परत शोषली जातात. आतड्यात बुळबुळीत थर असेल, तर त्यात अडकून काही शौचावाटे बाहेर पडतात. ती तूट भरायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. घासण्याचा इथे काही संबंध नाही. कोंडा पोट साफ करतो ते वेगळ्या वाटेने: त्याचे भरड कण मोठ्या आतड्याच्या अस्तराला टोचतात, तिथे पाणी आणि श्लेष्म सुटतं, मळ मऊ आणि भरीव होतो. हाच कोंडा अगदी बारीक दळला तर तो गुण जातो, कधी उलट मळ घट्टही होतो.

देवगडकर: म्हणजे नाचणी उपयोगाची नाही?

चिपळूणकर: पोटासाठी उत्तम. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 11 ग्रॅम चोथा असतो, पण त्यातला विद्राव्य जेमतेम दीड-दोन ग्रॅम. माठाचीही तीच गत, बहुतेक अविद्राव्य. बाबांच्या ताटात चोथा भरपूर आहे, फक्त एकाच जातीचा.

खाडीकाठचा: मग आमची पेजही बुळबुळीतच की!

चिपळूणकर: पेजेचा घट्टपणा तांदळाच्या पिठूळ अंशाचा. तो लहान आतड्यात पचून साखर होतो, पित्ताम्लं धरायला उरतच नाही. न पचता खाली जातो तोच चोथा. उलट दिसायला बुळबुळीत नसलेले काही विद्राव्य प्रकारही असतात, उदाहरणार्थ इन्युलिन. ते विरघळतं, पण एलडीएलवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. म्हणून नुसतं ‘विद्राव्य’ लिहिणं मला तरी अपुरं वाटतं.

देवगडकर: मग बाबांनी काय वाढवायचं?

चिपळूणकर: जव किंवा ओट्स, भिजवलेले मेथीदाणे, भेंडी, पेरू, चवळी. जव-ओट्समधला बीटा-ग्लुकन दिवसाला 3 ग्रॅम लागतो, म्हणजे साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स. इसबगोलाचा भुसा असेल तर दिवसाला सुमारे 10 ग्रॅम, विभागून. इतकं नेमाने घेतलं तर एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. 160 चं 145-150 होईल, 100 नाही. गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

सागरवेडी: इसबगोलाबद्दल माझं ऐका. मी घाईत दोन घोट पाण्याबरोबर कोरडाच गिळला. तो घशातच फुगला आणि जीव घाबरा झाला.

चिपळूणकर: पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी घेऊच नये. थायरॉईडची वगैरे गोळी असेल तर मध्ये काही तास जाऊ द्यावेत, नाहीतर औषधही त्या गोळ्यात अडकतं. आणि सुरुवात थोड्याने, एकदम वाढवलं की पोट फुगतं.

खाडीकाठचा: कोंड्याचं मानलं. पण शब्द? ‘चिकाचा चोथा’ म्हणू या का?

सागरवेडी: नको, चीक म्हटलं की फणस कापताना हाताला तेल लावायचं तोच आठवतो. तो कोण खातं? ‘बुळबुळीत चोथा’ काय वाईट आहे?

चिपळूणकर: वर्गात मी तेच म्हणायचो, परीक्षेत मात्र ‘विद्राव्य’ लिहायला लावायचो.

वेंगुर्ल्याची काकू: अरे, भोकराचं लोणचं यात बसतं का? तेही चांगलंच चिकट असतं.

चिपळूणकर: भोकराचा गर चिकट खरा, पण लोणच्याच्या दोन फोडींनी काय होणार, काकू? मीठच जास्त जाईल.