प्रतिसाद: बनवरची चमक

«अंडं चालत नाही म्हणून दूध लावते, पण बन तांबूस होतात, चकाकत नाहीत. दुधात साखर घातली तर वरून काळे पडतात.»

दुधाकडून चमक मागूच नका. त्यातल्या प्रथिनांमुळे आणि दुग्धशर्करेमुळे रंग येतो, पण अंड्याचा सुकून जसा चकचकीत पापुद्रा होतो तसा दुधाचा होत नाही. साखर दुधात घातली की ती भट्टीत पहिल्यापासून तापते आणि आतला बन भाजायच्या आधीच करपते. म्हणून दोन कामं वेगळी करा. भट्टीत घालण्याआधी नुसतं दूध. बन बाहेर काढल्यावर पाक: दोन चमचे साखर, दोन चमचे पाणी, एक उकळी. बन कडक गरम असतानाच ब्रशने एकच पातळ हात फिरवायचा. बनच्या उष्णतेने पाण्याचा अंश उडतो आणि चमक राहते. गार बनवर लावला तर नुसता ओलसर चिकटा.

इथे गोव्यात फोंड्याला जुलैत मला वेगळाच धडा मिळाला. बन सुरेख चकाकत होते, कोमट असतानाच डबा बंद केला. संध्याकाळी वरचा भाग सुरकुतलेला आणि बोटाला चिकटणारा. आतली वाफ कोंडली आणि साखरेने ती ओढून घेतली. आता पावसाळ्यात जाळीवर पूर्ण गार करते आणि पाक फक्त त्याच दिवशी संपणाऱ्या बनांना लावते. उरणाऱ्यांना नुसतं दूध. (आमच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोई पावाला तर ही भानगडच नाही, वर कोंडा भुरभुरला की झालं!)