बर्फ-पानीत जे मूल पुतळाच होऊन राहतं त्याचं काय करायचं?

मीनल, तोपखाना, इंदूर: तिसरीचा वर्ग आहे, 36 मुलं, खेळाचा तास 35 मिनिटांचा, आणि मी पीटीची टीचर नाही, वर्गशिक्षिकाच आहे. संगीत खुर्ची घेतली की तीच चार-पाच मुलं पहिली बाद होतात आणि मग ओट्यावर बसून राहतात. ती शेवटपर्यंत खेळतील असा काही खेळ सांगा ना, नियम दोन वाक्यांत समजतील असे.

अनिलकाका: मी वीस वर्षं पोरांना खो-खो शिकवतोय. बाद होणं शिकायलाच पाहिजे. आज खुर्ची गेली म्हणून रडला तर उद्या मैदानात काय उभा राहणार? तुम्ही सगळं मऊ करून टाकाल.

सुनंदा, निवृत्त पीटी शिक्षिका: काका, हिशोब करून बघा. 36 मुलं आणि 35 खुर्च्या, दर फेरीत एक जण बाद, म्हणजे पहिला बाद झालेला 35 पैकी एकच फेरी खेळला आणि 34 फेऱ्या नुसता बसला, आणि हाच तो ज्याला पळण्याची सवय सगळ्यात कमी. खेळच त्याची प्रॅक्टिस काढून घेतो. खो-खोत तुमची आठ पोरं पाटीवर बसलेली असतात तरी खेळातच असतात ना, कधीही खो मिळू शकतो.
मीनल, बर्फ-पानी घे, आमच्या लहानपणी ज्याला विषामृत म्हणायचे तेच. 18-18 चे दोन गट, शेजारी-शेजारी दोन चौकोन चुन्याने आखायचे, साधारण वीस पावलं बाय पंधरा, तू मधल्या रेघेवर उभी राहा म्हणजे दोन्हीकडे नजर राहते. प्रत्येक चौकोनात तीन पकडणारे, त्यांच्या हातात जुन्या ओढणीची पट्टी. पकडलं की बर्फ, कोणी तळव्याला हात लावला की पानी. एका मिनिटाने शिट्टी आणि पकडणारे बदल. किती पकडले ते मोजायचंच नाही.

रोहित: लाजाळू मुलांना स्कोअर लिहायला किंवा शिट्टी वाजवायला द्या, आमच्या शाळेत असंच करायचे, त्यांनाही महत्त्वाचं वाटतं.

सुनंदा: वाटतं, पण एखाद्या दिवशीच. दर आठवड्याला तोच स्कोअर लिहित असेल तर ओट्यावर बसवण्यात आणि यात फरक काय, हात-पाय दोन्हीकडे बंदच.
आणि नुसत्या बर्फ-पानीनेही भागत नाही. मुलं आपल्या मैत्रिणीलाच सोडवतात, गप्प उभं असलेलं मूल पूर्ण मिनिट पुतळाच राहतं, आणि गडबडीत आपल्याला ते दिसतही नाही. एकच मूल निवडून दोन फेऱ्या फक्त त्याच्याकडे बघ, मग कळतं. उपाय म्हणजे बर्फ झालेल्याने जागेवर दहा उड्या मारल्या की तो आपला आपण सुटतो. दुसरं, पकडणारा हळू मुलाकडेच परत परत जातो, म्हणून त्याच मुलाला लगेच पकडायचं नाही, आधी दुसऱ्याला हात लावायचा.

वैशाली: माझी मुलगी चौथीत आहे, अंगाने जाड. दहा उड्या म्हणजे सगळ्यांसमोर शिक्षाच होईल तिला, मागच्या वर्षी एका शाळेत असल्याच उड्यांवरून पोरं हसली आणि मग खेळाच्या तासाला तिचं पोट दुखायला लागलं.

सुनंदा: वैशाली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उड्या नकोत, दहा टाळ्या.

अनिलकाका: टाळ्या ठीक. पण चपळ पोरं पाच मिनिटांत कंटाळतील ना बाई, त्यांचा विचार कोण करणार?

सुनंदा: त्यांना पकडताना लंगडी घालायला लावा काका, दर मिनिटाला पाय बदलून. दमतात, कंटाळत नाहीत.

अनिलकाका: लंगडीवर माझा आक्षेप नाही. पण पाचवीपासून बाद होणारा खेळ हवाच, यावर मी ठाम आहे.

सुनंदा: पाचवीला बघू, मला अजून पटलेलं नाही. इथे तिसरी चाललीय.

मीनल: आज घेतलं. टाळ्यांमुळे कोणीच अडकून राहिलं नाही आणि तीन जण पहिल्यांदाच घामाघूम झाले. पण एक मुलगा चौकोनात आलाच नाही, निंबाखाली उभा राहिला, मी ओढलं नाही.

सुनंदा: बरं केलंस. उद्या त्याला विचार, रेघेवर मटका होशील का? सोडवणाऱ्याने आधी येऊन त्याच्या तळव्याला हात लावायचा, मगच बर्फाला सोडवायचं. त्याला पळायचं नाही, पण सगळे त्याच्याकडे येतात. खेळाचे दोन-तीन तास झाले की मटका रेघेच्या एक पाऊल आत सरकव, आणि तो नको म्हणाला तर परत रेघेवर.