मदत हवी आहे: मनोऱ्याच्या उंचीचं गणित, उत्तरात दीड मीटरचा फरक येतोय

निमा_इंदूर
मुलाच्या दहावीच्या सरावपत्रिकेतलं एक गणित अडलंय. फोटो जोडलाय. फोन तिरका धरला गेला आणि घडीची सावलीही पडलीय, तेवढं सांभाळून घ्या.

आकृतीत डावीकडे एक माणूस, उजवीकडे घड्याळाचा मनोरा, आणि माणसाकडून मनोऱ्याच्या टोकाला गेलेली तिरपी रेघ. तिच्या खाली ३८° लिहिलंय. जमिनीवर दोन्हीकडे बाण असलेली रेघ आहे, तिच्यावर २४ मी. प्रश्नाखाली tan ३८° = ०.७८१३ दिलंय. मुलाने २४ × ०.७८१३ करून १८.७५ काढलं. मागे उत्तर २०.२५ मी. छापलंय. मी मोबाईलवर करून पाहिलं तर ७.४५ आलं, म्हणजे तिसरंच काहीतरी. पत्रिकाच चुकलीय का? वही उद्या द्यायचीय.

लाल_बटे_कक्का
मुलाचं बरोबर आहे. आपल्याकडे शाळेत शिकवतात तेच, लाल बटे कक्का. लंब बटे आधार म्हणजे tan. आधार २४, म्हणून लंब १८.७५. छापण्यात चूक झाली असेल, अशा पत्रिकांत नेहमीच होते. १८.७५ लिहून द्या.

छप्पनचे_पोहे
गांधी हॉलचं घंटाघर ना? १९०४ सालची इमारत आहे, तेव्हा किंग एडवर्ड हॉल म्हणत. त्याची उंची कुठेतरी लिहिलेली असणारच, गणित कशाला करत बसता?

निमा_इंदूर
अहो, गांधी हॉल नाही. पत्रिकेत नुसतं चित्र आहे, कुठल्या गावाचं ते लिहिलेलं नाही.

थिओडोलाइट
निमाताई, १८.७५ लिहायची घाई नको. २०.२५ मधून १८.७५ वजा करा, बरोबर १.५० उरतात. छपाईची चूक अशी नेमकी दीड मीटर येत नाही. उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची मात्र गणितांत बहुतेक वेळा दीड मीटरच धरतात. फोटोत घडीची सावली नेमकी त्या माणसावरून गेलीय आणि त्याच्या डाव्या बाजूला एका लहान उभ्या बाणाचं टोक दिसतंय. पान सपाट करून, फोन बरोबर वरून धरून तेवढाच भाग पुन्हा काढा. आणखी एक बघा, ३८° चा कोपरा माणसाच्या पायाशी आहे की डोक्याशी?

निमा_इंदूर
नवा फोटो टाकलाय. हो, बाणाशेजारी बारीक अक्षरात १.५ मी. आहे! कोन डोळ्यापाशी आहे. तिथून मनोऱ्यापर्यंत एक आडवी तुटक रेघही गेलीय, पहिल्या फोटोत ती पुसटली होती.

थिओडोलाइट
मग सगळं गणित त्या तुटक रेघेत आहे. आपला काटकोन त्रिकोण जमिनीवर उभा नाही, तो तुटक रेघेवर उभा आहे. एक कोपरा डोळा, दुसरा मनोऱ्याचं टोक, तिसरा तुटक रेघ मनोऱ्याला जिथे भिडते तो बिंदू. तुटक रेघ जमिनीला समांतर असल्यामुळे तिची लांबीही २४ मीटरच. त्रिकोणाची उभी बाजू म्हणजे मनोऱ्याचा फक्त डोळ्याच्या पातळीवरचा भाग. त्याला क्ष म्हणू.

tan ३८° = क्ष ÷ २४
क्ष = २४ × ०.७८१३ = १८.७५ मी.
मनोऱ्याची उंची = १८.७५ + १.५० = २०.२५ मी.

मुलाचा गुणाकार अचूक आहे, फक्त मनोऱ्याचा खालचा दीड मीटर मोजायचा राहिला. वहीत त्याला आकृती पुन्हा काढायला सांगा आणि तीत डोळ्याचा बिंदू नि तुटक रेघेचं टोक यांना अक्षरं द्यायला सांगा. अक्षरं दिली की कुठली बाजू त्रिकोणातली आणि कुठली बाहेरची, हा घोळ होत नाही.

तुमचं ७.४५ कुठून आलं तेही सांगतो. मोबाईलचा कॅल्क्युलेटर RAD वर आहे. त्याने ३८ हे अंश न धरता रेडियन धरले, तेव्हा tan ०.३१०३ येतो आणि २४ ने गुणलं की ७.४५. पडद्यावर DEG करा. ओळखायची खूण सोपी आहे, tan ४५ दाबून बघा, १ आला पाहिजे.

लाल_बटे_कक्का
बरं, मान्य. म्हणजे नियम असा झाला की शेवटी दीड मिळवायचेच.

थिओडोलाइट
तसा नियम करू नका, पुढच्याच गणितात फसाल. मिळवायचं ते कोन जमिनीपासून जितका वर असेल तितकं. "जमिनीवरील एका बिंदूपासून" असं वाक्य असेल तर कोपरा जमिनीवरच आहे, काहीच मिळवायचं नाही. माणूस तीन मीटर उंचीच्या गच्चीवर उभा असेल तर गच्ची अधिक डोळ्याची उंची, म्हणजे साडेचार मिळवावे लागतील.

आणि 'लाल बटे कक्का'बद्दल एक. ते पाठ असणं चांगलं, पण लंब म्हणजे आकृतीतली उभी रेघ असं मुलांच्या डोक्यात बसतं. लंब म्हणजे आपण धरलेल्या कोनासमोरची बाजू. हाच ३८° चा कोन कुणी मनोऱ्याच्या टोकापाशी आहे असं वाचलं, तर समोरची बाजू २४ होते, उभी बाजू भागाकारात जाते आणि २४ ÷ ०.७८१३ = ३०.७२ येतात. मुलाचं उत्तर तीसच्या पुढे गेलेलं दिसलं तर कोन चुकीच्या कोपऱ्यात वाचलाय असं समजा.

ग्वाल्हेरकर_व
मी फोटो छापून त्यावर चांदा ठेवला. कोन ३३° भरतो, ३८ नाही. पट्टीने मोजलं तर मनोराही पायाच्या रेघेच्या मानाने बुटका दिसतो. पत्रिकेतला आकडाच चुकलाय असं मला वाटतं.

थिओडोलाइट
त्याच चांद्याने मनोऱ्याच्या बुडाचा काटकोन मोजून बघा. नव्वद भरला नाही तर फोटोच तिरका आहे, मग त्यातला दुसरा कोणताही कोन भरवशाचा नाही.

ग्वाल्हेरकर_व
मोजला. ८४ भरतोय.

थिओडोलाइट
झालं तर मग. फोन पानावर तिरका धरला की पानाची लांबची बाजू आखडते आणि तिच्याबरोबर कोन बदलतात. शिवाय पानावरची आकृतीही प्रमाणात काढलेली नसते. आकृतीवरून घ्यायचं ते फक्त कोण कुणाला जोडलंय आणि कुठला आकडा कुठल्या रेघेचा. लांबी आणि कोन लिहिलेलेच घ्यायचे.

निमा_इंदूर
मुलगा एक शंका काढून बसलाय. मनोऱ्याला खाली चौथरा आहे आणि २४ चा बाण मनोऱ्याच्या पुढच्या भिंतीशी थांबतो. टोक तर मधोमध आहे. मग २४ अजून थोडे वाढायला नकोत?

थिओडोलाइट
शंका खरी आहे, शाबास म्हणा त्याला. tan मध्ये जे अंतर घ्यायचं ते टोकाच्या बरोबर खाली येणाऱ्या बिंदूपर्यंत, भिंतीपर्यंत नव्हे. समजा मनोरा ४ मीटर रुंद असता तर अंतर २६ झालं असतं, क्ष २०.३१ आणि उंची २१.८१. म्हणजे दीड मीटरहून जास्त फरक. पण पत्रिकेत रुंदी दिलेली नाही आणि छापलेलं उत्तर २४ घेऊनच जुळतं. तेव्हा वहीत २४ धरा. बाण भिंतीशी मुद्दाम थांबवलाय की चित्रकाराने सोयीने काढलाय हे फोटोवरून सांगता येत नाही, उद्या बाईंना विचारू द्या.

लाल_बटे_कक्का
बाई म्हणतील मनोरा म्हणजे एक रेघ समजा. दहावीत एवढंच असतं.

टाकीवाला_बडोदा
मध्येच घुसतोय. आमच्या सोसायटीमागे पाण्याची उंच टाकी आहे, तिची उंची हवीय. भोवती कुंपणाची भिंत आहे, बुडापर्यंत टेप नेता येत नाही. चांद्याला नळी आणि दोऱ्याला नट बांधून दोन ठिकाणांहून पाहिलं. भिंतीजवळून ४१°, तिथून सरळ १५ मीटर मागे जाऊन २७°. आता २४ च्या जागी काय घालू?

थिओडोलाइट
आधी सांगा, दोरा चांद्यावर थेट ४१ आणि २७ दाखवत होता की ४९ आणि ६३? नळी चांद्याच्या सरळ काठाला बांधली असेल तर दोरा नव्वदातून उरलेला कोन दाखवतो. निम्म्या लोकांचं उत्तर तिथेच बिघडतं.

टाकीवाला_बडोदा
४९ आणि ६३ होते, नव्वदातून वजा करून लिहिलेत.

थिओडोलाइट
उत्तम. अंतर माहीत नाही म्हणून ते बाजूलाच काढायचं. डोळ्यावरची उंची क्ष असेल तर जवळचं अंतर क्ष ÷ tan ४१° म्हणजे १.१५०४ क्ष, आणि लांबचं क्ष ÷ tan २७° म्हणजे १.९६२६ क्ष. दोन्हींतला फरक १५ मीटर. तेव्हा ०.८१२२ क्ष = १५, क्ष सुमारे १८.४७. त्यात तुमच्या डोळ्याची उंची मिळवा.

पण यावर पैज लावू नका. लांबचा कोन २७ ऐवजी २८ असता तर क्ष २०.५४ आला असता, २६ असता तर १६.६७. एका अंशाने दोन मीटर इकडेतिकडे, आणि दोऱ्याच्या चांद्यावर एक अंश सहज चुकतो. निमाताईंच्या गणितात अंतर पक्कं आहे, तिथे ३८ चा ३९ झाला तरी उत्तर पाऊण मीटरच्या आतच हलतं. दोन कोनांच्या पद्धतीत आपण दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी करतो, म्हणून बारीक चूक मोठी होते. दोन जागांमधलं अंतर वाढवा, आणि पहिली जागा टाकीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. जागा दोन्ही एका सरळ रेषेत आणि एकाच पातळीवर हव्यात.

टाकीवाला_बडोदा
भिंतीच्या आत जाता येत नाही हो. मागे फार तर २५ मीटर मोकळं आहे, पुढे रस्ता उताराचा. आणि जवळून बघताना टाकीचा घुमट दिसतच नाही, पुढचा काठच दिसतो.

थिओडोलाइट
मग दोन्ही वेळी काठच धरा, घुमट सोडून द्या. एकदा काठ आणि एकदा घुमट धरला असेल तर वरचं १८.४७ सुद्धा बाद. उतारावर जाऊ नका. २५ मीटरवरून प्रत्येक जागी पाच-पाच वेळा कोन घ्या, सरासरी काढा आणि सगळे आकडे इथे टाका, मग बघू.

निमा_इंदूर
आकृती पुन्हा काढून २०.२५ लिहून झालं. चौथऱ्याचा प्रश्न त्याने वहीत खाली वेगळा लिहिलाय.