ग्राफिक्स कार्ड उभं लावायचंय, ३.० ची रायझर चालेल का?

पार्लेकर: आरटीएक्स ४०६० आहे, बोर्डाचा स्लॉट पीसीआयई ४.०. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ३.० ची रायझर केबल देतोय, म्हणतो काही फरक पडत नाही. पंखे काचेपासून २ सेंटिमीटरवर येतील. लावू का?

निखिल_ठाणे: बिनधास्त लाव. ३.० आणि ४.० मधला फरक गेममध्ये जाणवतही नाही. कार्ड दिसणारच नसेल तर काचेची केस घेतली कशाला?

कामतकाका: निखिल, ते सोळा लेनच्या कार्डांचं झालं. ४०६० आठच लेन वापरतं. ३.० वर उतरलं की सेकंदाला १६ जीबीचा रस्ता ८ वर येतो. कार्डाच्या ८ जीबी मेमरीत गेम मावतोय तोवर कळणार नाही. टेक्श्चर अल्ट्रावर नेऊन मेमरी भरली, की उरलेला माल रॅममधून याच रस्त्याने येतो आणि गेम अडखळायला लागतो.

पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे. मधे केबल कितीची आहे हे बोर्डाला कळत नाही. बोर्ड आणि कार्ड परस्पर ४.० ठरवून मोकळे होतात. कधी स्क्रीन काळीच राहते, कधी विंडोज सुरू होतं आणि गेम मधेच बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `WHEA-Logger`, आयडी `17` अशी रांग लागली की आधी केबलवर संशय घ्यायचा. म्हणून कार्ड थेट स्लॉटमध्ये असतानाच बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग `Auto` वरून `Gen3` करून सेव्ह कर, मगच केबल लाव. उलट केलंस तर बायोसही दिसायची मारामार.

प्राची_चेंबूर: रायझरच्या नादी लागू नका! ती निळ्या यूएसबी वायरवाली एकच लेन देते.

कामतकाका: ती मायनिंगवाल्यांची, ताई. इथे चपटी, सोळा लेनची पट्टी आहे.

सावंत_डोंबिवली: वेगाचं राहू द्या, हवेचं बोला. माझं तीन स्लॉट जाडीचं कार्ड असंच काचेला चिकटून होतं. मे महिन्यात पंखे नुसते बोंबलत होते. काच काढून तोच गेम लावला, तर तापमान १० अंशांनी खाली! आडवं केलं, विषय संपला.

निखिल_ठाणे: सावंत, ४०६० जेमतेम ११५ वॉट खातं. तुमच्या त्या भट्टीशी तुलना नको.

सावंत_डोंबिवली: वॉट कमी असले तरी पंख्याला हवा ओढायला जागा लागतेच. २ सेंटिमीटर मला पटत नाही.

पार्लेकर: ३.० चीच घेतली, `Gen3` करून लावली. पण GPU-Z मध्ये `@ x8 1.1` दिसतंय. केबल गंडलीय का?

कामतकाका: नाही रे, काम नसताना कार्ड वेग उतरवून बसतं. शेजारचं `?` दाबून रेंडर टेस्ट चालव, `@ x8 3.0` यायला हवं. नंतर अर्धा तास गेम खेळ, एकदा काच लावून, एकदा काढून, आणि दोन्ही आकडे इथे टाक. सावंतांना उत्तर हवंय.