पिटो की हूड, कुठलं रीडिंग धरायचं?

मदत हवी आहे. अंधेरीच्या एका ऑफिसचं एअर बॅलन्सिंग चालू आहे. मेन डक्ट २४ × १६ इंच, डिझाइन ३२०० सीएफएम. पिटोच्या २५ रीडिंगमधून प्रत्येकाचा वेग वेगळा काढून सरासरी घेतली (आधी दाबाची सरासरी काढली की आकडा फुगतो), तर १०५० एफपीएम, म्हणजे २८०० सीएफएम. साडेबारा टक्के कमी. स्पेकमध्ये ±१० टक्केच चालतं. पण डिफ्युझरवरच्या हूडची बेरीज ३१००!

भोकं एल्बोपासून जेमतेम दोन फुटांवर आहेत आणि आतल्या कडेची ८ रीडिंग जवळपास शून्य, त्यामुळे मला पिटोचाच संशय येतोय. मेनला दुसरीकडे सरळ तुकडा नाही. ब्रँचमध्ये ट्रॅव्हर्स घेऊन त्यांची बेरीज धरली तर कन्सल्टंट मान्य करतात का? सर्वांत कमी टक्केवारीच्या डिफ्युझरचा डॅम्पर पूर्ण उघडा ठेवून बाकीचे आवळायचेत, पण आधी फॅनचा वेग वाढवायचा का, हे याच आकड्यावर अडलंय.