मदत हवी आहे: पीपीचा एमएफआय तोच, तरी नव्या लॉटची झाकणं मऊ का पडतात?

भोसरीकर
पीपी होमोपॉलिमर, एमएफआय 11. सोमवारपासून नवा लॉट लावलाय. मशीन तेच, मोल्ड तोच, सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. पण झाकण मोल्डमधून मऊच बाहेर येतं, इजेक्टर पिनांचे चार गोल वळ उठतात, आणि गरम पाण्याच्या चाचणीत कड आत दबते. सप्लायरचं एकच पालुपद, सर्टिफिकेटवर 11 आहे ना, मग माल ओके. एकाने टॅक्टिसिटी तपासा असं सांगितलं. ती कशी तपासतात? दोन टन माल पडून आहे, जरा लवकर सांगा.

जुना टूलमेकर
टॅक्टिसिटी-बिक्टिसिटी सोडा. कूलिंग चॅनेलमध्ये क्षार बसलेत. पाणी आत जाताना आणि बाहेर येताना किती डिग्री आहे ते मोजा आधी.

भोसरीकर
जुन्या लॉटची एक बॅग शिल्लक होती, ती लावली की वळ गायब. चॅनेल चोंदले असते तर जुन्या मालालाही वळ उठले असते ना?

जुना टूलमेकर
मग कूलिंग टाइम चार सेकंद वाढवा. विषय संपला.

लॅबवाली
टूलमेकर काका, चार सेकंदांनी वळ जातीलही, पण गरम पाण्यात कड दबते त्याचं काय?

भोसरीकर, तुम्ही निम्मी माहिती दिलीच नाहीत. माल नॅचरल की रंगीत? कंपनीची सीलबंद बॅग की सुटा माल? पाणी किती डिग्रीचं? आणि जुना लॉट न्यूक्लिएटेड ग्रेडचा, म्हणजे स्फटिक लवकर बनावेत म्हणून ॲडिटिव्ह घातलेला, होता का?

तोवर एमएफआयबद्दल. त्यावरून साखळ्या साधारण किती लांब आहेत ते कळतं, मिथाइल गट कुठल्या हाताला बसलेत, म्हणजेच टॅक्टिसिटी, ते कळत नाही. तुमचं काम अडलंय ते या दुसऱ्या गोष्टीपाशी. आयसोटॅक्टिक साखळीत सगळे मिथाइल एकाच हाताला असतात, म्हणून ती दर तीन एककांना एक फेरा घेत मळसूत्रासारखी वळते, शेजारच्या साखळीला नीट खेटते आणि स्फटिक बनतो. कडकपणा आणि 160-165 डिग्रीचा वितळबिंदू या स्फटिकांमुळे येतो. अटॅक्टिकमध्ये मिथाइल कुठेही बसलेले, रचना जुळतच नाही. तो माल नुसता हातात घेतला तरी बोटाला चिकटतो, त्याला वितळबिंदूच नसतो. दोन्हींचा एमएफआय 11 असू शकतो.

भोसरीकर
नॅचरल. सीलबंद बॅग, पण छपाई थोडी वेगळी वाटली. पाणी 90 डिग्री, पाच मिनिटं. न्यूक्लिएटेडचं माहीत नाही, आम्ही कायम "11 नंबर होमो" एवढंच सांगून मागवतो.

लॅबवाली
"11 नंबर होमो" म्हणजे ग्रेड नव्हे हो! दोन्ही बॅगांचे फोटो काढून ठेवा. मग दोन्ही लॉटची डीएससी आणि झायलीन सोल्युबल, म्हणजे एक्सएस, करून घ्या. डीएससीत दुसऱ्या हीटिंगचे आकडे मागा, पहिल्या हीटिंगमध्ये दाणा कसा थंड झाला होता त्याचाच इतिहास दिसतो.

गच्चीगळती
इथे अटॅक्टिक पीपीचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एपीपी शीट टाकायचं चाललंय. ते हेच का? उन्हात मऊ पडून गळायला लागलं तर?

लॅबवाली
नाव त्याच्यावरूनच आलंय. जुन्या प्लँटमध्ये अटॅक्टिक भाग सॉल्व्हंटने धुऊन काढावा लागायचा, तो डांबरात मिसळायचा मार्ग सापडला. झाकणात जो दोष ठरतो तोच डांबरात गुण ठरतो. शीटमध्ये निव्वळ अटॅक्टिक नसतं, त्यामुळे उन्हाची भीती नको. जोड किती रुंद आणि टॉर्चने नीट वितळवून बसवलाय का, ते बघा. बाकीचं वेगळ्या धाग्यात.

पॉलिमर_एमएस्सी
एक्सएस म्हणजेच अटॅक्टिकचं प्रमाण. 5 टक्के आलं तर 5 टक्के अटॅक्टिक, हिशोब सोपा आहे. आणि सिंडिओटॅक्टिक घेऊन का बघत नाही? त्यातही मिथाइल नियमित असतात, एक इकडे एक तिकडे. म्हणजे स्फटिक होणारच, शिवाय पारदर्शक.

लॅबवाली
दोन्ही मुद्दे अर्धे बरोबर.

अटॅक्टिक झायलीनमध्ये विरघळलेलं राहतं हे खरं. पण त्याच्यासोबत फार आखूड आयसोटॅक्टिक साखळ्या राहतात, अँटीस्टॅटिकसारखी ॲडिटिव्ह राहतात, आणि इथिलीन असेल तर तो भागही राहतो. उलट एखाद्या लांब साखळीत मधूनमधून एखादा मिथाइल चुकीच्या हाताला बसला असेल, तर ती साखळी बाकीच्या स्फटिकासोबत खाली बसते आणि एक्सएसमध्ये दिसतच नाही. असे दोष वितळबिंदू खाली आणतात. म्हणून दोन्ही चाचण्या सांगितल्या.

सिंडिओटॅक्टिक 130 डिग्रीच्या आसपास वितळतं आणि फार सावकाश स्फटिक होतं. आधीच यांच्या पिना आत घुसतायत, त्यात तो माल घातला तर पिना आरपार जातील. शिवाय आयसोटॅक्टिकपेक्षा तो खूप लवचिक. मेटॅलोसीनने तो नीट बनायला लागला 1988 च्या सुमारास, पण झाकणवाल्याला रोजच्या भावात मिळेल असा माल नाही तो.

भोसरीकर
डीएससी आली. जुना: वितळबिंदू 164, थंड होताना शिखर 123, उष्णता 104 जूल प्रति ग्रॅम. नवा: 160, 111 आणि 91. एक्सएस ओळखीच्या लॅबमध्ये केलं, नव्याचं 9.2 टक्के. म्हणजे माल भंगारच ना?

लॅबवाली
9.2 वर माझा विश्वास नाही. 160 ला वितळणाऱ्या होमोमध्ये एवढं निघालं तर बॅगेतले दाणे एकमेकांना चिकटलेले दिसायला हवेत. चाचणी कशी केली ते सांगा. आणि अवशेषाला वास येत होता का?

भोसरीकर
2 ग्रॅम माल 200 मिली झायलीनमध्ये उकळून विरघळवला, गार केला, गाळला, त्यातले 100 मिली घेऊन आटवले. हॉटप्लेटवर 60-70 डिग्रीला अर्धा तास. हो, थिनरसारखा वास होता थोडा.

लॅबवाली
मग तुम्ही झायलीनच तोललंत. ऑर्थोझायलीन 144 डिग्रीला उकळतं, ते या चिकट थरात अडकून बसतं. आटवल्यावर बशी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये 100 डिग्रीला ठेवा, आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वाळवा.

दुसरं, "गार केला" म्हणजे किती? फ्लास्क 25 डिग्रीच्या वॉटरबाथमध्ये अर्धा तास ठेवायचा. कोमट असताना गाळलं तर खाली बसायला हवा तो मालही गाळात न राहता पुढे जातो आणि आकडा फुगतो. गाळलेलं द्रव काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं, जरा जरी धुरकट असेल तर परत गाळा. उकळताना चिमूटभर अँटिऑक्सिडंट आणि वरून नायट्रोजन, नाहीतर साखळ्या तुटतात. नुसतं झायलीन आणि तेवढंच अँटिऑक्सिडंट आटवून ब्लँक काढा आणि वजा करा. सगळं फ्यूमहूडखाली, उघडी ज्योत जवळ नको.

पॉलिमर_एमएस्सी
आणि 100 मिलीच आटवलेत, म्हणून दोनने गुणायचं विसरू नका.

लॅबवाली
हे मात्र पूर्ण बरोबर.

भोसरीकर
परत केलं, या वेळी दोन्ही लॉट. ब्लँक 0.0012 ग्रॅम. जुना: माल 2.003, अवशेष 0.0262. नवा: माल 2.001, अवशेष 0.0482. माझ्या हिशोबाने जुना 2.5, नवा 4.7 टक्के. वास अजिबात नाही.

लॅबवाली
हिशोब बरोबर. नव्यात 0.0482 मधून ब्लँक गेला, राहिले 0.0470, दुप्पट 0.0940, भागिले 2.001, म्हणजे 4.7. हा आकडा भंगाराचा नाही. साध्या होमोमध्ये 2 ते 5 टक्के सर्रास चालतं, पण तुमचा जुना माल त्यातल्या कडक टोकाचा होता.

आता डीएससी. पूर्ण स्फटिकासाठी 207 जूल धरतात. त्या हिशोबाने जुना माल 50 टक्के स्फटिकी, नवा 44. गरम पाण्यात कड दबते ती या सहा टक्क्यांमुळे आणि 160 च्या वितळबिंदूमुळे, असं मला वाटतं. पिनांचे वळ मात्र त्यामुळे नाहीत. 123 चा 111 झालाय, आणि नुसती टॅक्टिसिटी एवढी घसरली तर बारा डिग्रीचा फरक सहसा पडत नाही. जुना लॉट न्यूक्लिएटेड होता आणि नवा नाही, म्हणून तो उशिरा घट्ट होतो आणि पिन मऊ मालावर आदळते.

जुना टूलमेकर
म्हणजे घट्ट व्हायला वेळ कमी पडतोय. मी पहिल्यांदा काय सांगितलं होतं? चार सेकंद.

लॅबवाली
काका, वळांपुरतं तुमचं बरोबर. पण आठ पोकळ्यांच्या मोल्डला प्रत्येक शॉटला चार सेकंद म्हणजे महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

भोसरीकर, 25 किलो नव्या मालात न्यूक्लिएटर मास्टरबॅच 2 टक्के, म्हणजे 500 ग्रॅम घाला. आधी कोरडं नीट मिसळा, मग हॉपरमध्ये. जुन्याच सायकलवर शंभर शॉट घ्या, पहिले वीस फेकून द्या.

रिॲक्टरकडचा
मधेच बोलतो. एक्सएस 2.5 वरून 4.7 वर गेलं की सगळे डोनरला दोष देतात. बाहेरून घालायचा सिलेन डोनर कमी पडला की कॅटॅलिस्टच्या ज्या जागा शिस्त पाळत नाहीत त्या चालू राहतात, एक्सएस वाढतं, हे खरं. पण इथे आणखी एक शक्यता कुणी तपासलेली नाही. होमोच्या बॅगेत थोडा रँडम कोपॉलिमर मिसळला असेल, समजा ग्रेड बदलतानाचा माल असेल, तरी वितळबिंदू खाली येतो आणि एक्सएस वर जातं. पातळ फिल्म दाबून एफटीआयआर घ्या, 733 जवळ लहानसा उंचवटा दिसला तर इथिलीन आहे. मग टॅक्टिसिटीचा प्रश्नच निकालात निघतो.

लॅबवाली
मुद्दा रास्त आहे. फक्त वितळबिंदूचे चारच्या चार डिग्री इथिलीनच्या नावावर टाकू नका. न्यूक्लिएटर गेला की स्फटिक पातळ होतात, त्यानेही एखाद-दोन डिग्री जातात. निर्विवाद उत्तर हवं असेल तर कार्बन एनएमआर, 120 डिग्रीच्या वर ट्रायक्लोरोबेंझीनमध्ये. पुण्यात एनसीएलला विचारून बघा. पण दोन टनांसाठी तो खर्च परवडेल का, ते तुम्ही ठरवा.

भोसरीकर
मास्टरबॅचचं केलं. जुन्याच सायकलवर पिनांचे वळ गेले, एकसुद्धा नाही. 90 डिग्रीच्या पाण्यात कड अजून दबते, पण आधीपेक्षा कमी. एफटीआयआर शुक्रवारी मिळेल. तोवर हा माल गार खाऊच्या डब्यांच्या झाकणांना वापरू का?

जुना टूलमेकर
वापरा. पण चॅनेल एकदा ॲसिडने धुऊन घ्याच.

रिॲक्टरकडचा
न्यूक्लिएटर घालूनही दबते म्हणजे मी म्हणतो ते इथिलीन असणार.

लॅबवाली
किंवा मी म्हणते ते मिथाइल. शुक्रवारी आलेख टाका. गार डब्यांना चालेल, पण मास्टरबॅच खाद्य दर्जाचा आहे का ते सर्टिफिकेटवर बघितल्याशिवाय एकही शॉट मारू नका.