मदत हवी आहे: दूध बिलाच्या फाईलमध्ये खाते क्रमांकांची शून्यं गेली, तारखांच्या जागी 45600

संस्थेचा_लेखनिक

नमस्कार मंडळी. मी गावच्या दूध संस्थेत लेखनिक आहे. दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं आणि पैसे थेट त्यांच्या खात्यावर जातात. मार्चपर्यंत संकलनाचं सॉफ्टवेअर तयार एक्सेल फाईल द्यायचं. आता नवीन आवृत्ती फक्त सीएसव्ही देते, आणि संस्थेचा लॅपटॉपही नवीन आहे. ती फाईल डबल क्लिक करून उघडतो, पशुखाद्याची कपात लावतो, सेव्ह करतो आणि बँकेच्या पोर्टलवर चढवतो.

11 ते 20 एप्रिल 2024 च्या बिलात तीन घोळ दिसताहेत.

1) जिल्ह्याच्या बँकेचे खाते क्रमांक 14 अंकी आहेत आणि सुरुवातीला दोन शून्यं असतात. ती गायब आहेत. दुसऱ्या एका बँकेचे 16 अंकी क्रमांक `4.518E+15` असे दिसतात.

2) तारखेच्या रकान्यात 11 तारखेला 45600 आणि 12 तारखेला 45630 आलंय. 13 पासून पुढे मात्र 13/04/2024 अशा बरोबर तारखा आहेत.

3) कपातीची यादी संघाच्या वेबसाइटवरून कॉपी करून चिकटवली. बेरीज छापील यादीपेक्षा कमी येते, आकडे मात्र एकेक करून ताडले तर सगळे जागेवर आहेत.

1 ते 10 एप्रिलच्या बिलात तारखांचा काही त्रास नव्हता. परवा पैसे सोडायचे आहेत, लोक विचारायला लागलेत. कृपया सांगा.

रानवारा

दादा, घाबरू नका, हे नेहमीचं आहे. 45600 म्हणजे तारीखच आहे, एक्सेल आतून तारखा आकड्यांत ठेवतं. 1 जानेवारी 1900 हा 1, तिथून मोजत यायचं. रकाना निवडा, `Format Cells` मध्ये `Date` करा. खाते क्रमांकाचा रकाना निवडून `Text` करा. झालं.

संस्थेचा_लेखनिक

धन्यवाद. तारखेचं जमलं, आता 11/4/2024 आणि 12/4/2024 दिसतंय. पण खात्याचा रकाना `Text` करूनही शून्यं परत आली नाहीत.

सातबारा

माझाही असाच त्रास आहे म्हणून इथेच लिहितो. जमिनींच्या यादीत सर्व्हे नंबर आणि हिस्सा 12/3 असा टाकला की 12-Mar होतो. `Text` केलं की 45363. दोनशेच्या वर ओळी आहेत. तारखेचा फॉरमॅट लावून काय उपयोग, मला तारीख नकोच आहे!

अनघा_क

मी बँकेच्या मागच्या कामकाजात बरीच वर्षं या फाईली तपासल्या आहेत. लेखनिकदादा, तारखेचं जमलेलं नाही, आणि आत्ता ते जास्त धोक्याचं आहे, कारण आता चूक दिसत नाही.

एखाद्या मोकळ्या चौकटीत हे टाका:

```
=TEXT(C2,"dd mmm yyyy")
```

11 एप्रिलच्या ओळीला काय उत्तर येतं ते सांगा.

संस्थेचा_लेखनिक

`04 Nov 2024` येतंय. हे कसं काय? शेजारच्या चौकटीत तर 11/4/2024 दिसतंय.

अनघा_क

नवीन लॅपटॉपचं विंडोज अमेरिकन पद्धतीवर आहे, तिथे आधी महिना आणि मग दिवस. फाईलमध्ये 11/04/2024 लिहिलं होतं. एक्सेलने ते अकराव्या महिन्याची चौथी तारीख असं वाचलं आणि 45600 म्हणून ठेवलं. 11 एप्रिल 2024 असता तर आकडा 45393 आला असता. रानवारा यांच्या सांगण्यावरून तारखेचा फॉरमॅट लावल्यावर त्याच अमेरिकन पद्धतीने ते 11/4/2024 असं दिसलं. आपण ते 11 एप्रिल म्हणून वाचतो, एक्सेलच्या हिशेबी तो 4 नोव्हेंबर आहे. उद्या महिन्यावार बेरीज काढाल तेव्हा हे दूध नोव्हेंबरात पडेल.

13 पासूनच्या तारखा बरोबर दिसतात कारण तेराव्या महिन्याचं काय करायचं ते एक्सेलला कळलं नाही, म्हणून त्याने त्या मजकूर म्हणून तशाच सोडल्या. नीट पाहा, त्या चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेल्या असतील.

आता 1 ते 10 एप्रिलचं बिल बघा. त्यातल्या सगळ्याच तारखा 12 च्या आतल्या. म्हणजे त्या सगळ्या उलटल्या असणार. 1 एप्रिलचा 4 जानेवारी, 2 एप्रिलचा 4 फेब्रुवारी, असं 10 एप्रिलच्या 4 ऑक्टोबरपर्यंत. अपवाद फक्त 4 एप्रिलचा, कारण दोन्ही बाजूंनी वाचलं तरी तो तोच. त्या बिलात त्रास नव्हता असं तुम्ही म्हणालात, पण अख्खी फाईल त्यातच आहे. `=MONTH(C2)` लावून बघा, सगळीकडे 4 यायला हवा.

संस्थेचा_लेखनिक

बघितलं. 1 पासून 10 पर्यंत सगळे वेगवेगळे येतात. ताई, ही फाईल आम्ही वार्षिक तपासणीसाठी ठेवतो. मूळ सीएसव्हीवरच सेव्ह होत गेल्यामुळे जुनी प्रत नाही, आणि सॉफ्टवेअर मागचं बिल परत काढू देत नाही. चालू बिल मात्र पुन्हा काढता येतं.

अनघा_क

तारखांचं दुरुस्त होतं, कारण दिवस आणि महिना फक्त जागा बदलून बसलेत. शेजारच्या रकान्यात हे:

```
=IF(ISNUMBER(C2),
 DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2)),
 DATE(RIGHT(C2,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2)))
```

आकडा झालेली तारीख असेल तर दिवस-महिना उलटवतो, मजकूर राहिलेली असेल तर तिचे तुकडे करून खरी तारीख बनवतो. खाली ओढा आणि पुन्हा `MONTH` तपासा. हे चालतं कारण बिल एकाच दहा दिवसांचं आहे आणि एकाच लॅपटॉपवर उघडलेलं आहे. दोन यंत्रांवरच्या ओळी एकत्र मिसळल्या असतील तर हे वापरू नका, बरोबर तारखाही उलटतील.

खाते क्रमांकांची गोष्ट वेगळी आहे. शून्यं लपलेली नाहीत, ती उरलेलीच नाहीत. फाईल उघडताच एक्सेलने त्यांना संख्या मानलं, आणि संख्येला पुढच्या शून्यांचा अर्थ नाही. नंतर `Text` करणं म्हणजे उरलेल्या बारा अंकांना मजकूर म्हणणं. जिल्ह्याच्या बँकेचे सगळे क्रमांक 14 अंकीच असतील तर तेवढ्या ओळींना `=TEXT(B2,"00000000000000")` लावून शून्यं परत बसवता येतात.

16 अंकी क्रमांकांना मात्र हात लावू नका. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच सांभाळतं, सोळाव्याच्या जागी 0 घालतं. समजा 4518000100234567 असेल तर त्याचं 4518000100234560 झालेलं असतं आणि तो 7 कुठल्याही सूत्राने परत येत नाही. शिवाय NEFT मध्ये पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, नाव जुळलंच पाहिजे अशी अट नाही. शून्याने संपणारं खातं खरोखर कोणाचं असलं तर पैसे तिकडे जातील. ती फाईल पोर्टलवर चढवू नका. चालू बिल सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढा.

संस्थेचा_लेखनिक

काढतो. पण उघडली की परत तेच होणार ना?

अनघा_क

डबल क्लिक करायचंच नाही. कोरी एक्सेल फाईल उघडा, `Data` मध्ये `From Text/CSV`, तुमची फाईल निवडा. जी खिडकी येते तिच्यात `Data Type Detection` आहे, तिथे `Do not detect data types` घ्या आणि `Load` करा. सगळे रकाने जसेच्या तसे मजकूर म्हणून येतात. शीर्षकं कदाचित एक ओळ खाली जातील, तेवढं चालतं. दुधाच्या रकमेचा रकाना मात्र शेवटी संख्येत आणावा लागेल, नाहीतर त्याचीही बेरीज होणार नाही.

सीएसव्ही केल्यावर ती तपासायला पुन्हा एक्सेलमध्ये उघडू नका. तिथे शून्यं पुन्हा जाताना दिसतील आणि चुकून सेव्ह झालं तर खरंच जातील. नोटपॅडमध्ये उघडा, त्यात फाईलमध्ये जे आहे तेच दिसतं.

रानवारा

माझं अर्धवट निघालं, लेखनिकदादा. एक भर: ऑफिस 365 असेल तर `File`, `Options`, `Data` मध्ये `Automatic Data Conversion` आहे. शून्यं काढण्याचा आणि 15 अंकांचा पर्याय तिथे बंद करता येतो.

अनघा_क

हो, उपयोगी आहे. मात्र 11/04/2024 सारख्या तारखा उलटणं त्याने थांबत नाही. त्यासाठी विंडोजच्या `Region` मध्ये `English (India)` करा.

मोकळाढाकळा

लिब्रेऑफिस वापरून बघा. सीएसव्ही उघडताना ते आधीच विचारतं, रकान्यावर क्लिक करून `Text` निवडायचं. फुकट आहे.

संस्थेचा_लेखनिक

ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. नोटपॅडमध्ये शून्यं आहेत, 16 अंकी पूर्ण आहेत. आता कपातीची बेरीज तेवढी राहिली.

अनघा_क

कमी पडणाऱ्या बेरजेत काही ओळी संख्या असतात आणि काही मजकूर, आणि `SUM` मजकूर चुपचाप सोडून देतं. शंका असलेल्या चौकटीवर `=LEN(D2)` लावा. 842.75 ला 6 यायला हवेत. 7 आले तर शेवटी न दिसणारी मोकळी जागा आहे. वेब पानांवर ही जागा वेगळ्या जातीची असते, `TRIM` तिला ओळखत नाही. म्हणून:

```
=VALUE(SUBSTITUTE(D2,CHAR(160),""))
```

संस्थेचा_लेखनिक

7 च येत होते! बेरीज पैशापर्यंत जुळली. एक नवीनच निघालं: एकच खातं दोघांच्या नावावर नाही ना, हे बघायला `COUNTIF` लावलं, तर दोन सख्ख्या भावांच्या खात्यांना 2 येतंय. क्रमांकात शेवटचा अंक वेगळा आहे, आणि आता तर ते मजकूर आहेत.

अनघा_क

`COUNTIF` मजकुरालाही संख्या समजून ताडतं, आणि तिथे पुन्हा तीच 15 अंकांची मर्यादा. ही खाती वेगळी आहेत. हे वापरा:

```
=SUMPRODUCT(--(B$2:B$500=B2))
```

सातबारा, तुमचे 12/3 आले तसे असतील आणि विंडोज भारतीय पद्धतीवर असेल, तर `=DAY(A2)&"/"&MONTH(A2)` ने बहुतेक परततील. पण 3/25 सारखा हिस्सा मार्च 2025 होऊन बसतो आणि या सूत्राने 1/3 बनतो. ज्यांचा दिवस 1 येतो त्या ओळी कागदावरून ताडा.

सातबारा

दिवस 1 च्या पुष्कळ आहेत. सर्व्हे नंबर 1 चेच हिस्से खूप. कागद काढतो.

संस्थेचा_लेखनिक

भावांच्या खात्यांना आता 1 आला. फाईल चढवली, पोर्टलने एकही ओळ परत केली नाही. अनघाताई, मनापासून आभार. एक राहिलं: आमचे सचिव कपातीची फाईल मोबाईलवर उघडून दुरुस्त्या करून पाठवतात. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये हे आयातीचं कुठे असतं, कोणी वापरलंय का?